रक्तात उतरलेली बुरशी

कॅन्डिडा ही यीस्ट प्रकारातली, एकाच पेशीची बुरशी आहे. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर आणि स्त्रियांच्या योनीमार्गात ती थोड्या प्रमाणात मुक्कामाला असते आणि तिचा काही त्रास होत नाही. कधी बाळाच्या जिभेवर पांढरा थर येतो, कधी मधुमेही माणसाच्या जांघेत खाज सुटते, पण ही दुखणी वरवरची असतात आणि मलमाने किंवा गोळीने बरी होतात. हीच बुरशी जिवंतपणी रक्तप्रवाहात शिरली, तर त्या अवस्थेला कॅन्डिडीमिया म्हणतात. तोंडातल्या थराशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. रक्तात कॅन्डिडाला निरुपद्रवी जागा नसते. तिथून ती डोळ्यांत, हृदयाच्या झडपांवर, मूत्रपिंडात, मणक्यांत जाऊन बसू शकते. उपचार होऊनही या रुग्णांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक जण दगावतात.

हा आजार बाहेर फिरणाऱ्या, जेवणाऱ्या-खाणाऱ्या माणसाला सहसा होत नाही. तो अतिदक्षता विभागाचा, म्हणजे आयसीयूचा आजार आहे आणि त्याचे कारण आयसीयूतल्या उपचारांतच दडलेले आहे. बुरशी रक्तात उतरण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली, तिची संख्या वाढली पाहिजे. आतड्यातले जिवाणू एरवी तिला जागा आणि अन्न मिळू देत नाहीत. पण न्यूमोनिया किंवा पोटातल्या जंतुसंसर्गासाठी भारी अँटिबायोटिक आठ-दहा दिवस चालू राहिली की हे जिवाणू मरतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते. दुसरी, शरीराचा बांध फुटला पाहिजे. आतड्याला छिद्र पडणे, पोटाची मोठी शस्त्रक्रिया, स्वादुपिंडाचा तीव्र दाह किंवा भाजलेली कातडी, यांतून तिला वाट मिळते. तिसरी, पहारा ढिला पडला पाहिजे. केमोथेरपी, स्टेरॉइड, बेताबाहेर गेलेली साखर, डायलिसिस, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, अकाली जन्मलेल्या बाळाची अपुरी प्रतिकारशक्ती ही त्याची कारणे. आयसीयूतल्या एखाद्या रुग्णाच्या बाबतीत तिन्ही एकाच आठवड्यात जुळतात.

या सगळ्यांत सेंट्रल लाइनचा उल्लेख वेगळा करायला हवा. ही साधारण १५ ते २० सेंटिमीटर लांबीची मऊ नळी असते. ती मानेतल्या, गळपट्टीच्या हाडाखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत घालतात. मानेतून घातलेल्या नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्याजवळ पोचते. रक्तदाब टिकवणारी औषधे आणि शिरेतून दिले जाणारे संपूर्ण पोषण हातावरच्या लहान शिरेला सोसत नाही, म्हणून ही लाइन लागते. ती टाकण्यात चूक काहीच नाही. अडचण अशी की नळी आत राहते तितके दिवस कातडीपासून हृदयाच्या दारापर्यंत एक सरळ रस्ता उघडा असतो. कॅन्डिडा प्लॅस्टिकला चिकटते आणि स्वतःभोवती एक चिकट आवरण विणते. त्याला बायोफिल्म म्हणतात. शेवाळ धरलेल्या पाइपाची कल्पना केली तर ते चटकन समजते. वरून पाणी वाहत राहते, पण आतला थर हलत नाही. बायोफिल्ममधल्या बुरशीला मारायला एरवीपेक्षा कितीतरी पट जास्त औषध लागते आणि तिथून सुटलेल्या पेशी थेट रक्तात पडत राहतात.

भारतातले चित्र पुष्कळसे स्पष्ट आहे. २०११-१२मध्ये देशातल्या २७ आयसीयूंत झालेल्या मोठ्या पाहणीत कॅन्डिडीमियाचे १४०० रुग्ण नोंदले गेले. आयसीयूत दाखल झालेल्या दर हजारांमागे साडेसहा असे हे प्रमाण पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांपेक्षा बरेच जास्त होते. बुरशी रक्तात सापडण्याचा मध्यावरचा दिवस दाखल झाल्यापासून आठवा होता. म्हणजे पहिला धोका टळला, रुग्ण आता सावरेल असे नातेवाइकांना वाटू लागते, नेमका तोच हा काळ. जगात बहुतेक ठिकाणी कॅन्डिडा अल्बिकन्स ही जात पुढे असते. भारतात कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस पहिली आली, चाळीस टक्क्यांहून थोडी अधिक. याच पाहणीत ७४ रुग्णांच्या रक्तात, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास, त्या वेळी नवखी असलेली कॅन्डिडा ऑरिस निघाली. ती २७पैकी १९ आयसीयूंत होती. ही जात ज्यांच्यात सापडली ते रुग्ण आयसीयूत जास्त दिवस राहिलेले होते आणि त्यांना बुरशीविरोधी औषध आधीच दिले गेले होते, असे दिसले. यातली दुसरी बाब विशेष महत्त्वाची आहे. ‘असू दे, खबरदारी म्हणून’ सुरू केलेले फ्लुकोनाझोल साध्या जातींना हटवते आणि त्याला न जुमानणाऱ्या जातीसाठी जागा मोकळी करते.

या आजाराचे स्वतःचे असे लक्षण नाही. अँटिबायोटिक चालू असूनही न उतरणारा किंवा उतरून पुन्हा चढणारा ताप, घसरणारा रक्तदाब, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, हे सारे जिवाणूंच्या संसर्गातही दिसते. म्हणून निदान ब्लड कल्चरवर येऊन ठेपते. वेगवेगळ्या ठिकाणच्या शिरांतून, निर्जंतुक काळजी घेऊन, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घेतात आणि बाटल्या यंत्रात ठेवतात. बुरशी असेल तर ती वाढून यंत्राला कळायला साधारण दोन-तीन दिवस जातात. रक्त कमी घेतले तर बुरशी हातून निसटते. नीट घेतले तरी शरीरात खोल दडलेल्या कॅन्डिडा संसर्गांपैकी जवळपास निम्मेच या तपासणीत पकडले जातात. बीटा-डी-ग्लुकॅन नावाची रक्ततपासणी मदतीला असते. तिचा खरा उपयोग बुरशी सिद्ध करण्यापेक्षा शंका दूर करण्यासाठी होतो. ती वारंवार निगेटिव्ह आली तर संशयावरून सुरू केलेले औषध थांबवायला आधार मिळतो.

इथे दोन उलट चुका होतात. लघवीत किंवा श्वासनळीतून ओढलेल्या बेडक्यात कॅन्डिडा निघाली की कित्येकदा लगेच औषध सुरू होते. कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या लघवीतली आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या बेडक्यातली कॅन्डिडा बहुतेक वेळा नुसती वस्ती करून असते. कॅन्डिडामुळे न्यूमोनिया होणे फारच दुर्मिळ आहे. दुसरी चूक याहून घातक. रक्ताच्या एकाच बाटलीत यीस्ट निघाले तर ‘हे कातडीवरचे आले असेल’ म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवला जातो. काही जिवाणूंच्या बाबतीत असा तर्क चालतो, कॅन्डिडाच्या बाबतीत चालत नाही. रक्तात एकदा, एका बाटलीत जरी कॅन्डिडा निघाली तरी तो आजारच धरायचा आणि उपचार करायचा, हा नियम आहे.

हा नियम प्रत्यक्षात कसा उतरतो ते नमुन्यादाखल रचलेल्या एका रुग्णावरून पाहता येईल. छप्पन वर्षांचा मधुमेही गृहस्थ, लहान आतड्याला छिद्र पडल्याने तातडीने शस्त्रक्रिया झालेला. चौथ्या दिवशी शिवलेली जागा गळू लागली म्हणून पोट पुन्हा उघडावे लागले. मानेत पहिल्या दिवसापासून सेंट्रल लाइन, तोंडाने काही देता येत नसल्याने शिरेतून पोषण, आणि तीन अँटिबायोटिक. अकराव्या दिवशी ताप १०२ अंशांवर गेला, रक्तदाबाचे औषध वाढवावे लागले. दोन ठिकाणांहून ब्लड कल्चर पाठवले. अडतिसाव्या तासाला यंत्राने खूण दिली. तंत्रज्ञाने काचपट्टीवर थेंब घेऊन ग्रॅम रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या, अंडाकृती, एकीतून दुसरी फुटणाऱ्या पेशी दिसल्या. प्रयोगशाळेने छापील रिपोर्टची वाट न पाहता आयसीयूत फोन केला, ‘रक्तात यीस्ट आहे.’

या फोननंतर पहिल्या काही तासांत काय होते यावर पुढचे बरेच अवलंबून असते. जात कोणती हे कळायला अजून दिवस-दोन दिवस लागतील, कोणते औषध लागू पडते हे कळायला त्याहून जास्त. तोवर थांबता येत नाही. म्हणून सुरुवात एकायनोकॅन्डिन गटातल्या औषधाने करतात. या गटात कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन आणि ॲनिड्युलाफंजिन ही तीन औषधे रुळलेली आहेत. आठवड्यातून एकदाच द्यावे लागणारे रेझाफंजिन हे चौथे, त्याला अमेरिकेत २०२३मध्ये मान्यता मिळाली. या रुग्णाला कॅस्पोफंजिन दिले, पहिल्या दिवशी ७० मिलिग्रॅम आणि नंतर रोज ५०. ते साध्या सलाइनमध्ये मिसळून सुमारे तासाभरात सोडतात, ग्लुकोजच्या बाटलीत मिसळत नाहीत, कारण ग्लुकोजमध्ये ते टिकत नाही. सांगायला ही बाब बारीक वाटते, पण घाईच्या पाळीत नेमकी हीच राहून जाते.

ही औषधे काम कशी करतात ते समजले की त्यांना पहिला मान का, तेही समजते. बुरशीच्या पेशीला बाहेरून एक टणक भिंत असते आणि त्या भिंतीचा सांगाडा ग्लुकॅन नावाच्या लांब साखळ्यांचा असतो. ग्लुकॅन विणणाऱ्या विकराला एकायनोकॅन्डिन अडवते. भिंत कच्ची राहते, आतला दाब तिला पेलवत नाही आणि कॅन्डिडाची पेशी फुटून मरते. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसते, त्यामुळे औषधाचा मार सहसा माणसाला लागत नाही. मूत्रपिंड निकामी असले तरी मात्रा कमी करावी लागत नाही, आणि आयसीयूत ही मोठी सोय आहे. फ्लुकोनाझोल कॅन्डिडाला मारत नाही, फक्त तिची वाढ रोखते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या दोहोंची समोरासमोर तुलना झाली. ॲनिड्युलाफंजिन मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ७६ टक्क्यांत उपचार यशस्वी ठरले, फ्लुकोनाझोलच्या गटात ६० टक्क्यांत. या गटातले बाजारात आलेले पहिले औषध कॅस्पोफंजिन. त्याची मूळ बुरशी स्पेनमधल्या लोझोया नदीच्या खोऱ्यातल्या पाण्याच्या नमुन्यात सापडली होती आणि औषधाला मान्यता मिळाली २००१मध्ये.

या औषधांच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. ती फक्त शिरेतून देता येतात, गोळी नाही. त्यांचे रेणू मोठे असल्याने ती मेंदूत, डोळ्याच्या आत आणि लघवीत पुरेशी पोचत नाहीत. म्हणून रक्त स्वच्छ झाले तरी डोळ्यात बसलेली बुरशी तशीच वाढत राहू शकते. पहिल्या आठवड्यात बाहुली मोठी करून नेत्रतज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्यावा असे सांगतात ते यासाठीच. बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण ‘मला अंधूक दिसते’ असे सांगू शकत नाही. पडद्यावर डाग दिसले तर औषध बदलावे लागते आणि उपचाराचे दिवसही वाढतात.

औषध सुरू झाले तरी नळीचे काय, हा प्रश्न उरतोच. लाइनच्या बायोफिल्ममधून बुरशी रक्तात पडत राहणार असेल तर औषधाने रक्त धुऊन उपयोग काय, हा विचार सरळ आहे. मार्गदर्शक सूत्रे सांगतात की लाइन हाच उगम वाटत असेल आणि ती सुरक्षितपणे काढता येत असेल तर लवकरात लवकर काढावी. मात्र पुरावा वाटतो तितका एकसुरी नाही. २०१०मध्ये दोन औषध-चाचण्यांतल्या ८४२ रुग्णांची माहिती पुन्हा तपासली गेली. पहिल्या एक-दोन दिवसांत लाइन काढल्याचा वेगळा फायदा, इतर घटकांचा हिशेब घेतल्यावर, तिच्यात दिसला नाही. २०१२मध्ये सात चाचण्यांतल्या १९१५ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात मात्र लाइन काढलेल्यांत आणि एकायनोकॅन्डिन मिळालेल्यांत मृत्यू कमी होते. यातली खोच अशी की सर्वांत अत्यवस्थ रुग्णांचीच लाइन काढायला डॉक्टर धजत नाहीत. त्यामुळे लाइन राहिलेल्यांत मृत्यू जास्त दिसतात, ते नळीमुळे की मुळात आजार गंभीर होता म्हणून, हे वेगळे करणे अवघड जाते. नाणेफेक करून निम्म्यांची काढली, निम्म्यांची ठेवली, अशी निर्णायक चाचणी झालेली नाही. तरी तोल काढण्याच्या बाजूने झुकतो. पोटातून उगम नाही, लाइन जुनी आहे आणि दुसरे कारण दिसत नाही, अशा वेळी ती ठेवण्याचे समर्थन करता येत नाही. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी संपलेल्या रुग्णात बुरशी बहुधा आतड्यातून आलेली असते, तिथे निर्णय रुग्ण पाहून घेतात.

काढायची कशी, यालाही शिस्त आहे. रुग्णाला आडवे, डोके किंचित खाली ठेवून, श्वास सोडताना नळी बाहेर घेतात, कित्येक मिनिटे दाबून धरतात आणि हवाबंद पट्टी लावतात, नाहीतर त्या छिद्रातून हवा शिरेत ओढली जाऊ शकते. जुन्या नळीतून तार घालून त्याच वाटेने नवी नळी सरकवणे सोपे असते, पण या आजारात ते टाळायचे. त्या बोगद्यात बुरशी असतेच आणि नवी नळी पहिल्याच दिवशी दूषित होते. जमत असेल तर एक-दोन दिवस रुग्णाला सेंट्रल लाइनशिवाय ठेवतात आणि मग नव्या जागी नवी टाकतात. आपल्या रुग्णाला रक्तदाबाचे औषध चालूच ठेवणे भाग होते, म्हणून दुसऱ्या बाजूला नवी लाइन घातली आणि जुनी त्याच दुपारी काढली. शिरेतून दिले जाणारे पोषण थांबवून नाकातल्या नळीने आतड्यात थोडे थोडे अन्न सुरू केले. लाइनची गरजच कमी करणे हा लाइन काढण्याचा पुढचा टप्पा आहे, आणि तो बहुधा विसरला जातो.

त्यानंतर रोज, निदान दिवसाआड, पुन्हा ब्लड कल्चर. ताप उतरला म्हणून हे थांबवत नाहीत, कारण उपचाराची मोजणी यावरच चालते. रक्तात बुरशी न सापडलेल्या पहिल्या कल्चरपासून चौदा दिवस धरतात, औषध सुरू झाल्यापासून नव्हे. या रुग्णाचे दुसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे कल्चरही पॉझिटिव्ह आले. अशा वेळी औषध बदलण्याआधी लपलेला साठा शोधतात. मानेच्या शिरेत जुन्या लाइनभोवती गाठ बसली आहे का, हृदयाच्या झडपेवर काही वाढले आहे का, पोटात पू साठला आहे का, हे पाहतात. इकोमध्ये झडपा स्वच्छ होत्या. सीटी स्कॅनमध्ये यकृताखाली पू दिसला आणि सोनोग्राफीच्या आधाराने नळी घालून तो बाहेर काढला. सहाव्या दिवसाचे कल्चर निगेटिव्ह आले. चौदा दिवस तिथून मोजायचे.

याच सुमारास प्रयोगशाळेकडून जात कळली, कॅन्डिडा ऑरिस. आणि प्रश्न एका खाटेपुरता राहिला नाही.

ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. २००९ साली जपानमध्ये एका वृद्ध स्त्रीच्या कानातून काढलेल्या नमुन्यावरून या जातीचे पहिले वर्णन झाले, म्हणून हे नाव. पुढे जुने साठवलेले नमुने तपासले तेव्हा १९९६मधल्या एका कोरियन रुग्णाच्या रक्तातही तीच होती असे आढळले. भारतातून, दिल्लीच्या रुग्णालयांतल्या रुग्णांमधून, पहिला अहवाल २०१३मध्ये आला. जनुकीय तपासणीत आश्चर्याची गोष्ट दिसली. दक्षिण आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका इथले प्रकार एकमेकांपासून खूप वेगळे होते, तरीही त्यांनी माणसात जवळपास एकाच काळात डोके वर काढले. तापत चाललेल्या हवामानामुळे ही बुरशी माणसाच्या शरीराची ऊब सहन करायला शिकली असावी, असा एक अंदाज २०१९मध्ये मांडला गेला. तो अजून अंदाजच आहे. मात्र ती ४० अंश सेल्सिअसच्या वरही वाढते हे खरे, आणि २०२१मध्ये अंदमानच्या किनाऱ्यावर व खाजणात ती सापडली हेही खरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये बुरशींची पहिली प्राधान्ययादी केली आणि तिच्यातल्या सर्वांत गंभीर गटात कॅन्डिडा ऑरिसला ठेवले.

तिची ओळख पटवणेच अनेक वर्षे अवघड होते. प्रयोगशाळेतली रोजची स्वयंचलित यंत्रे तिला कॅन्डिडा हेम्युलोनी किंवा आणखी काही म्हणून सांगत. आता प्रथिनांच्या ठशावरून जात ओळखणारे माल्डी-टॉफ यंत्र अद्ययावत माहितीसह असेल तर नाव मिनिटांत कळते. जिथे ते नाही तिथे ‘हेम्युलोनी’ असा रिपोर्ट आला की ऑरिसची शंका घ्यावी आणि नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा.

उपचाराच्या बाजूने पाहिले तर ऑरिस फ्लुकोनाझोलला जवळजवळ नेहमीच दाद देत नाही. अमेरिकेत तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ९० टक्के फ्लुकोनाझोलला आणि ३० टक्के ॲम्फोटेरिसिन बीला प्रतिरोधी निघाले. एकायनोकॅन्डिनला मात्र पाच टक्क्यांहून कमी. म्हणून इथेही पहिले औषध तेच राहते. इतर जातींत रुग्ण सावरला, कल्चर स्वच्छ झाले आणि जात फ्लुकोनाझोलला दाद देणारी निघाली तर पाच-सात दिवसांनी एकायनोकॅन्डिन थांबवून फ्लुकोनाझोलवर येता येते. ऑरिसमध्ये ही वाट बंद असते. आपल्या रुग्णाला पूर्ण चौदा दिवस, शिवाय सुरुवातीचे सहा, असे वीस दिवस शिरेतूनच औषध द्यावे लागले. एवढ्या काळात बुरशीत बदल होऊ शकतो. ग्लुकॅन विणणाऱ्या विकराच्या जनुकात एका जागी फरक पडला की औषध त्याला धरू शकत नाही. म्हणून पाच दिवसांच्या उपचारानंतरही रक्तात बुरशी येत राहिली तर नव्याने मिळालेल्या बुरशीवर औषधांची चाचणी पुन्हा करतात, पहिल्या रिपोर्टवर विसंबत नाहीत. मुळात दडलेला साठाच नव्हता आणि प्रतिरोध निघाला, तर लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बीकडे वळतात. रोज दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमपर्यंत ते द्यावे लागते आणि मूत्रपिंडावर डोळा ठेवावा लागतो.

ऑरिसचा दुसरा स्वभाव तिच्या बहिणींमध्ये फारसा दिसत नाही. इतर कॅन्डिडा बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून येतात. ऑरिस एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. ती काखेत आणि जांघेत कातडीवर महिनोन्महिने राहते, रुग्णाला काहीच होत नसले तरी. तिथून ती पलंगाच्या कठड्यावर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर, चादरीवर गळत राहते आणि कोरड्या प्लॅस्टिकवर आठवडेच्या आठवडे जगते. ऑक्सफर्डच्या एका मेंदूविकार आयसीयूत २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांकडे ती पोचली. सगळीकडे धुंडाळूनही भिंती-फरशीवर ती क्वचितच सापडत होती. अखेर माग लागला तो काखेत ठेवून सतत तापमान मोजणाऱ्या, एका रुग्णानंतर दुसऱ्याला वापरल्या जाणाऱ्या तापमापकांचा. ते वापरातून काढल्यावर नवे रुग्ण कमी झाले. कोविडच्या काळात, २०२०च्या एप्रिल ते जुलैमध्ये, दिल्लीतल्या एका आयसीयूत कॅन्डिडीमिया झालेल्या पंधरा रुग्णांपैकी दहांत ऑरिस होती आणि त्या दहांपैकी सहा दगावले. आयसीयू भरून वाहत होते, माणसे अपुरी होती, एकच सूट घालून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जावे लागत होते. अशी परिस्थिती ऑरिसच्या पथ्यावर पडते.

म्हणून ऑरिस हे नाव कळताच आपल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवले. आत जाणारा प्रत्येक जण हातमोजे आणि झगा घालून जाईल आणि बाहेर पडण्यापूर्वी ते आतच टाकेल, असे ठरले. स्टेथोस्कोप, तापमापक, रक्तदाबाचा पट्टा त्याच खोलीसाठी राखून ठेवला. शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांच्या काखेतून आणि जांघेतून कापसाची काडी फिरवून नमुने घेतले. अल्कोहोलचे हातशुद्धीचे द्रावण या बुरशीवर चालते. फरशी आणि उपकरणे पुसायला रुग्णालयांत सर्रास वापरली जाणारी क्वाटर्नरी अमोनियम प्रकारची जंतुनाशके मात्र तिला पुरेशी मारत नाहीत. तिथे क्लोरिन सोडणारे द्रावण लागते, दशलक्षात हजार भाग इतके तीव्र, आणि ते पृष्ठभागावर सांगितलेला वेळ ओले राहावे लागते. फडका मारून लगेच कोरडे पुसले तर खर्च होतो, बुरशी राहते. कातडीवरून ऑरिस कायमची घालवणारा खात्रीचा उपाय आज उपलब्ध नाही. कातडीवर असली आणि आजार नसला तर बुरशीविरोधी औषधही देत नाहीत, कारण त्याने ती जात नाही, फक्त प्रतिरोध शिकते.

नातेवाइकांच्या मनात या टप्प्यावर भीती दाटते ती स्वतःच्या आणि घरच्यांच्या काळजीने. निरोगी माणसाला ऑरिसमुळे आजार होणे फार विरळ आहे. रुग्ण घरी गेल्यावर त्याला वेगळे ताट-वाटी देण्याची किंवा कोपऱ्यात ठेवण्याची गरज नसते. जखम, लघवीची नळी किंवा पोटातून निघालेला स्राव हाताळल्यावर हात नीट धुणे पुरते. धोका असतो तो पुढच्या रुग्णालयातल्या शेजारच्या खाटेला. घरी जाताना मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर ‘कॅन्डिडा ऑरिस’ हे शब्द लिहून मागावेत आणि पुन्हा कुठेही दाखल व्हायची वेळ आली, अगदी डायलिसिससाठी जरी गेले, तरी तो कागद पहिल्याच दिवशी तिथल्या परिचारिकेच्या हातात द्यावा.